कात्री चालवा, पण आवाज शाबूत ठेवा

समजा, लाकडी घाण्याचं तेल काढणाऱ्या एका उद्योजकाला स्वतःच्या कामावर छोटा व्हिडिओ करायचा आहे. ते फोनवर मोकळेपणानं बोलले आणि ते सगळं जसंच्या तसं उतरवून घेतलं. त्यातला हा तुकडा:

‘तर ॲक्च्युअली काय आहे, आपलं तेल जे आहे ना, ते शुद्ध आहे. म्हणजे एकदम शुद्ध. आमची आजी म्हणायची, तेल नाकानं घ्यायचं बघा, डोळ्यानं नाही. तर आम्ही काय करतो, शेंगदाणा स्वतः निवडतो, म्हणजे बाया बसून हातानं निवडतात. त्यामुळं काय होतं, तेल शुद्ध राहतं.’

नवखा संपादक इथं सगळं नव्यानं लिहितो: ‘काळजीपूर्वक निवडलेल्या शेंगदाण्यांपासून तयार होणारी शुद्धता हीच आमची ओळख.’ वाक्य सुबक आहे, पण ते कुठल्याही तेलवाल्याचं असू शकतं. आजी गेली, बाया गेल्या, बोलणाराही गेला.

म्हणून नवं काही लिहायचं नाही, आधी फक्त खोडायचं. सुरुवात पुनरुक्तीपासून करावी. आधी ‘तर’, ‘ॲक्च्युअली’ काढत बसलं, तर पुन्हा पुन्हा आलेली वाक्यंही नीटनेटकी दिसू लागतात आणि मग ती टाकवत नाहीत. एकच मुद्दा जिथं जिथं आलाय, तिथं खूण करायची आणि ज्यात काही दिसतं किंवा ऐकू येतं ते वाक्य ठेवायचं. ‘स्वतः निवडतो’पेक्षा ‘बाया बसून हातानं निवडतात’ हे डोळ्यांसमोर उभं राहतं.

त्यानंतर भरतीचे शब्द. ‘काय आहे’, ‘काय करतो’, ‘काय होतं’ हे तिन्ही पुढचं वाक्य सुचेपर्यंत घेतलेले श्वास आहेत. ते काढले तरी अर्थ हलत नाही. आजीच्या वाक्यातला ‘बघा’ मात्र ऐकणाऱ्याशी बोलतो. तो राहू द्यायचा.

एवढं खोडल्यावर एक उणीव उघडी पडते. ‘शुद्ध’ तीनदा आलं, पण हातानं निवडायचं कशासाठी, हे आलंच नाही. उत्तर आपण रचायचं नाही, त्यांनाच विचारायचं. ते सांगतात, ‘खवट दाणा घाण्यात गेला, की तेलाला वास येतोच.’ आता मजकूर असा होतो:

‘आमची आजी म्हणायची, तेल नाकानं घ्यायचं बघा, डोळ्यानं नाही. शेंगदाणा बाया बसून हातानं निवडतात. खवट दाणा घाण्यात गेला, की तेलाला वास येतोच.’

42 शब्दांचे 22 झाले. ‘शुद्ध’ एकदाही उरला नाही, तरी ऐकणाऱ्याला तो कळतो. आणि प्रत्येक शब्द त्यांच्याच तोंडचा आहे.

शेवटी त्यांनी हे मोठ्यानं वाचायचं. जिथं जीभ अडखळते, तिथं बहुधा संपादकाचा शब्द घुसलेला असतो. अशा वेळी कागद बाजूला ठेवून तेवढंच पुन्हा सांगायला लावावं आणि ते जे म्हणतील ते लिहून घ्यावं.