तिकीट मिळालं, पण रजा मिळेल का?

मतदानाच्या दिवशी पगारी सुट्टी मिळते हे तुम्हाला माहीत आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १३५ ब त्यासाठीच आहे. लोकसभा किंवा विधानसभेच्या मतदानाला दुकान, कारखाना, कंपनी, कुठेही काम करणाऱ्या मतदाराला मालकाने सुट्टी द्यायची आणि तिचा पगार कापायचा नाही. आता पुढचा प्रश्न. मत द्यायला नाही, मत मागायला जायचं असेल तर? स्वतः उभं राहायचंय, किंवा मित्र उभा आहे आणि तुम्हाला पंधरा दिवस त्याच्यासोबत गल्लोगल्ली फिरायचंय. त्यासाठी कोणती रजा?

खासगी नोकरीत अशी वेगळी रजा कायद्याने दिलेली नाही. म्हणजे तुम्ही उभं राहू शकता, त्यासाठी राजीनामा द्यायची गरज नाही, पण साहेबांनी ‘रजा नाही’ म्हटलं तर ‘माझा लोकशाही हक्क आहे’ या उत्तराचा उपयोग नाही. तुमच्याकडे असतात त्या फक्त तुमच्या खात्यावर साठलेल्या रजा.

हे हिशेबानेच बघू. २०२४ ची विधानसभा घ्या. समजा तुम्ही पुण्यातल्या एका आयटी कंपनीत आहात, शनिवार-रविवार सुट्टी, २०२२ च्या जानेवारीत रुजू झालात आणि पंचविशी पूर्ण केलीत (विधानसभेला वय २५ लागतं, महापालिका किंवा ग्रामपंचायतीला २१). महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार वर्षात २४० दिवस काम केलं की दर २० दिवसांमागे एक अर्जित रजा मिळते, म्हणजे वर्षाला किमान १२. न वापरलेल्या ४५ पर्यंत साठतात. दोन वर्षांच्या झाल्या २४. त्यातल्या दहा गावाकडे आणि लग्नांत गेल्या. उरल्या १४.

आता निवडणुकीचं कॅलेंडर. अर्ज भरायची शेवटची तारीख २९ ऑक्टोबर, मंगळवार. छाननी ३० ला. माघारीचा शेवटचा दिवस ४ नोव्हेंबर, सोमवार. मतदान २० नोव्हेंबरला, बुधवारी. अर्ज भरायला एक दिवस, छाननीला एक (इथे स्वतः हजर राहा, एखाद्या कागदावर आक्षेप आला तर उत्तर तिथेच द्यावं लागतं), माघारीच्या दिवशी एक, कारण त्याच संध्याकाळी कोण रिंगणात आहे ते कळतं आणि चिन्हाचा प्रश्न मिटतो. झाले तीन. मग ५ ते १९ नोव्हेंबर या काळात कामाचे दिवस अकरा. एकूण चौदा. मधली दिवाळी आणि शनिवार-रविवार फुकटात मिळाले. काठावर का होईना, बसतंय.

अडचण आकड्यात नाही, तारखेत आहे. रजेचा अर्ज पंधरा दिवस आधी द्यावा अशी कायद्याची आणि बहुतेक ऑफिसांची अपेक्षा असते. २९ ऑक्टोबरच्या पंधरा दिवस आधी म्हणजे १४ ऑक्टोबर. आणि निवडणुकीचा कार्यक्रम जाहीर झाला १५ ला! पक्षांची तिकिटं तर त्याच्याही नंतर, काही अगदी शेवटच्या दिवशी. म्हणजे वेळेत अर्ज करायचा तर तिकीट मिळेल की नाही हे माहीत नसताना करावा लागतो. तसा करा. रजा मागे घेता येते, उशिरा मागितलेली मात्र नाकारायला साहेबांना कारण शोधावं लागत नाही. अर्जात कारण ‘घरगुती’ लिहू नका. पोस्टरवर तुमचा फोटो चौकात लागणार आहे.

नाकारली तरी जायचंच, असं करणारेही असतात. तिथे लढाई तुम्ही हरलेलीच असते. कारखान्यांच्या आदर्श स्थायी आदेशांत दहा दिवसांपेक्षा जास्त विनारजा गैरहजेरी हे गैरवर्तन धरलं आहे. मग कंपनी ‘निवडणूक लढवली’ म्हणून नाही, तर ‘न सांगता आला नाही’ म्हणून नोटीस देते, आणि या नोटिशीला राजकीय उत्तर नसतं. बिनपगारी रजा मागणं हा मधला मार्ग, पण मंजुरी लेखी घ्या आणि परत रुजू व्हायची तारीख त्यात लिहून घ्या.

कंपनीचं म्हणणं जिथे योग्य असतं तेही सांगतो. ऑफिसचा लॅपटॉप, ऑफिसचा ईमेल, ग्राहकांचे फोन नंबर, कंपनीचं नाव छापलेला टी-शर्ट, यातलं काहीही प्रचारात नको. उलट बाजूने, ‘अमक्यालाच मत द्या, नाहीतर नोकरी जाईल’ असं कंपनी तुम्हाला सांगू शकत नाही. मतदारावर असा गैरवाजवी दबाव हा निवडणुकीतला गुन्हा आहे.

आता तुमच्यातल्या अर्ध्यांचा विषय: एमपीएससी. सरकारी नोकरीत हा रजेचा हिशेबच लागू नाही. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ मधला नियम ५ सांगतो की सरकारी कर्मचारी राजकीय पक्षाचा सभासद असू शकत नाही, प्रचार करू शकत नाही, उभा राहू शकत नाही. मत देता येतं, कुणाला दिलं ते सांगता येत नाही. गाडीवर पक्षाचं चिन्ह लावणंही प्रचारात मोडतं. ‘मी फक्त मित्राचा पोलिंग एजंट होतो’ हेही चालत नाही, त्याला कलम १३४ अ खाली तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणून युवक आघाडीतलं पद जॉइनिंगच्या आधी सोडा, आणि सोडल्याचा कागद ठेवा.

उभं राहायचं तर राजीनामा. पण राजीनामा देणं वेगळं आणि मंजूर होणं वेगळं. राज्यघटनेच्या कलम १९१ प्रमाणे सरकारी लाभाचं पद असलेला माणूस आमदारकीला अपात्र ठरतो, आणि छाननीच्या दिवशी तुम्ही कागदावर अजून नोकरीतच असाल तर संपलं. शेजारच्या मध्य प्रदेशात हे घडलं. डेप्युटी कलेक्टर निशा बांगरे यांना बैतुल जिल्ह्यातल्या आमलामधून लढायचं होतं. त्यांनी जून २०२३ मध्ये राजीनामा दिला. सरकारने तो अडवून धरला. त्या हायकोर्टात गेल्या, सुप्रीम कोर्टात गेल्या, आमल्याहून भोपाळपर्यंत पायी निघाल्या. मंजुरी आली ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात. अर्जाची मुदत होती ३० ऑक्टोबर, म्हणजे वेळ तांत्रिकदृष्ट्या उरली होती. पण तोवर काँग्रेसने आमल्याचं तिकीट दुसऱ्याला दिलं होतं. पुढे त्यांनी नोकरी परत मागितली.

त्याच वर्षी राजस्थानात डुंगरपूरच्या डॉ. दीपक घोघरा या सरकारी डॉक्टरांना मात्र हायकोर्टाने लढायची आणि हरल्यास कामावर परतायची मुभा दिली. ते हरले आणि परतले. हे उदाहरण व्हॉट्सअॅपवर ‘आता सरकारी नोकरांना परवानगी’ म्हणून फिरत असतं. ती एका प्रकरणातली मुभा होती. तुमच्यासाठी ती आपोआप लागू होत नाही, वेगळं कोर्ट गाठावं लागेल, आणि तेही अर्जाच्या मुदतीआधी.

पुण्याच्या त्या आयटीवाल्याकडे परत येऊ. मतदान बुधवारी झालं, गुरुवारी-शुक्रवारी तो ऑफिसला. रजा शून्य. निकाल २३ नोव्हेंबरला होता, शनिवारी. त्या दिवसासाठी अर्ज लागला नाही.