स्क्रीनशॉट काढला की कॉम्प्युटर का अडकतो?

मागच्या महिन्यात धुळ्याहून एक दादा जळगावला आपल्या दुकानात सीपीयू घेऊन आले. साड्यांचा ऑनलाइन धंदा. ऑर्डरचा स्क्रीनशॉट काढून गोडाऊनच्या ग्रुपवर टाकायचा, हे दिवसातून चाळीस वेळा. दर वेळी स्क्रीन सात-आठ सेकंद गोठायची, माउससुद्धा हलायचा नाही. "भाऊ, व्हायरस आहे, फॉरमॅट मारून द्या."

मी विचारलं, मॉनिटर कोणता? तर म्हणे, घरचा ४३ इंची फोर-के टीव्ही लावलाय. आणि रॅम? ४ जीबी. इथेच निम्मं उत्तर मिळालं.

आता हिशोब बघा. फोर-के म्हणजे ३८४० गुणिले २१६०, जवळपास ८३ लाख ठिपके. एका ठिपक्याला ४ बाइट धरले तर एक स्क्रीनशॉट ३३ एमबीचा होतो. जुन्या १३६६ बाय ७६८ मॉनिटरवर तोच सव्वाचार एमबी असतो. सेव्ह झालेली फाइल लहान दिसते, कारण ती दाबून ठेवलेली असते. पण दाबण्याआधी पूर्ण चित्र रॅममध्ये ठेवावंच लागतं. शिवाय एक प्रत क्लिपबोर्डला, एक स्निपिंग टूलला. झाले १०० एमबी.

तुम्ही म्हणाल, १०० एमबी म्हणजे काय मोठं? बरोबर आहे. रिकाम्या रॅमला काहीच नाही. पण दादांच्या मशीनवर क्रोमचे वीस टॅब, व्हॉट्सअ‍ॅप आणि टॅली एकदम चालू. रॅम ९३ टक्के भरलेली. मग विंडोज जुना माल हार्ड डिस्कवर हलवून जागा करतं, आणि डिस्क रॅमपेक्षा कितीतरी संथ. ते सात सेकंद या हलवाहलवीचे.

तुमचंही हेच आहे का, ते असं तपासा. Ctrl + Shift + Esc दाबा, Performance मध्ये Memory बघा आणि स्क्रीनशॉट काढा. Memory ९० च्या पुढे आणि त्याच क्षणी Disk १०० ला टेकली, तर दुखणं हेच. Memory निम्मी रिकामी असूनही अडकत असेल, तर कारण दुसरं आहे. आधी डिस्प्ले ड्रायव्हर बघा.

दादांच्या टीव्हीचं Display resolution आम्ही 1920 x 1080 केलं. ठिपके चौथाईवर आले, अडकणं दोन सेकंदांवर. इथे बरेच जण Scale बदलतात. त्याने अक्षरं मोठी होतात, ठिपके तेवढेच राहतात. मग पुन्हा फोर-के ठेवून फक्त क्रोम बंद केलं, तर अडकणं जवळपास गेलंच! म्हणजे मूळ दोष रॅमचा, टीव्हीने फक्त तो उघडा पाडला.

फॉरमॅट केलं नाही. ४ जीबीची आणखी एक रॅम टाकली. तुम्ही घेण्याआधी त्याच Memory पानावर Slots used वाचा. 1 of 2 असेल तर एक जागा रिकामी आहे. आणि जुनी रॅम डीडीआर-३ आहे की डीडीआर-४ हे बघूनच घ्या, एकीच्या जागी दुसरी बसत नाही.