कालव्याचा पाझर आणि अस्तरीकरणाचा प्रस्ताव

भिलाई शहराला लागून असलेले हथखोज हे नाव आज औद्योगिक वसाहतीमुळे ओळखले जाते. परंतु भिलाईभोवतीचा दुर्ग आणि बालोद जिल्ह्यांचा मुलूख मूळचा धानाचा आहे. बालोदजवळील तांदुला जलाशय विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात प्रामुख्याने शेतीच्या पाण्यासाठी बांधण्यात आला. पुढे १९५०च्या दशकात भिलाई येथे पोलाद कारखाना उभा राहिला आणि या जलाशय-समूहाचे पाणी शेतीबरोबर कारखान्यालाही लागू लागले. त्यामुळे कालव्यातून वाहणाऱ्या पाण्यापैकी किती पाणी शेतापर्यंत पोहोचते आणि किती वाटेत जमिनीत मुरते, हा प्रश्न या भागातील शेतकऱ्यांच्या दृष्टीने हिशोबाचा झाला.

हा हिशोब मांडण्यासाठी कालव्याच्या अस्तरीकरणाचा प्रस्ताव तयार केला जातो. कालव्याच्या तळाला आणि बाजूंना काँक्रीट, वीट, दगड किंवा प्लास्टिकचा थर देणे म्हणजे अस्तरीकरण होय. असा प्रस्ताव पाणी वापर संस्थेसमोर येतो, तेव्हा शेतकऱ्यांनी त्यातील आकडे समजून घेणे आवश्यक ठरते. कारण अस्तर कोठे द्यावे, कोणते द्यावे आणि कोठे देऊ नये, यावर पुढील अनेक वर्षांचे पाणी अवलंबून असते.

पाझर आणि गळती

कालव्यातून कमी होणारे पाणी मुख्यतः दोन वाटांनी जाते. तळातून व बाजूंतून सावकाश जमिनीत मुरणाऱ्या पाण्याला पाझर म्हणतात. फुटलेला भराव, खेकड्यांची व उंदरांची बिळे, गंजलेली दारे आणि मोडलेले विमोचक यांतून वाहून जाणारे पाणी म्हणजे गळती. बाष्पीभवनाने जाणारे पाणी या दोहोंच्या मानाने थोडे असते. पाझर डोळ्यांना दिसत नाही. गळती मात्र बांधाबाहेरच्या ओलाव्यावरून, भर उन्हाळ्यात हिरव्या राहिलेल्या गवतावरून किंवा नाल्यात वाहणाऱ्या धारेवरून ओळखता येते.

पाझराचे प्रमाण मातीवर अवलंबून असते. भूजलाचा अंदाज घेण्यासाठी १९९७ साली ठरविण्यात आलेल्या राष्ट्रीय मानकांनुसार, काही प्रमाणात चिकणमाती असलेल्या सर्वसाधारण जमिनीतील विनाअस्तर कालव्याच्या प्रत्येक चौरस मीटर भिजलेल्या पृष्ठभागातून दररोज सुमारे १५ ते २२ सेंटिमीटर उंचीचे पाणी मुरते. वाळूसर जमिनीत ते त्याहून अधिक असते. अस्तर दिलेल्या कालव्यासाठी याच्या एक-पंचमांश पाझर धरला जातो. अस्तराने पाझर थांबत नाही, तो कमी होतो, हे येथेच लक्षात घ्यावयाचे आहे.

दुर्ग परिसरात मातीची नावे शेतकऱ्यांच्या तोंडी आहेत. भाटा ही लाल, मुरमाड जमीन पाणी लवकर शोषून घेते. मटासी ही पिवळसर, हलकी जमीन मध्यम असते. कन्हार ही काळी, चिकण माती ओली झाली की फुगते आणि पाणी फारसे सोडत नाही. एकच लघुकालवा दोन-तीन किलोमीटरच्या अंतरात या तिन्ही जमिनींतून जाऊ शकतो. म्हणून संपूर्ण कालव्यासाठी एकच सरासरी आकडा धरणे फसवे ठरते.

मोजणी कशी करावी

मोजणीच्या दोन पद्धती प्रचलित आहेत. पहिल्या पद्धतीत मधले सर्व विमोचक बंद करून कालव्याच्या वरच्या टोकाला व खालच्या टोकाला प्रवाह मोजतात. दोन्ही आकड्यांतील फरक म्हणजे एकूण तूट. तिच्यात पाझर आणि गळती दोन्ही मिसळलेल्या असतात. दुसऱ्या पद्धतीत कालवा बंद असताना त्याच्या एका भागाला दोन्ही बाजूंनी आडवे बांध घालतात, त्यात नेहमीच्या पातळीपर्यंत पाणी भरतात आणि चोवीस तासांत पातळी किती उतरली हे पट्टीवर वाचतात. शेजारी ठेवलेल्या पसरट भांड्यातून जितके पाणी उडाले, तेवढे त्यातून वजा करतात. दारे व छिद्रे आधी बुजविलेली असल्यामुळे उरलेली घट पाझराची असते.

या दोन्ही मोजण्या एकत्र वाचल्या तरच खरे चित्र समोर येते. उदाहरणादाखल ३ किलोमीटर लांबीचा एक लघुकालवा घेऊ. त्याच्या पाण्याची पृष्ठरुंदी ३ मीटर आहे, म्हणजे प्रत्येक किलोमीटरला ३,००० चौरस मीटर पाणपृष्ठ आहे. वरच्या टोकाला सेकंदाला ३०० लिटर आणि खालच्या टोकाला २४० लिटर पाणी मोजले गेले. तूट ६० लिटर, म्हणजे एक-पंचमांश झाली. एवढ्यावरून संपूर्ण कालव्याला अस्तर द्यावे, असे वाटणे स्वाभाविक आहे.

आता बांध घालून केलेली मोजणी पाहू. पहिला किलोमीटर भाट्यातून जातो. तेथे पातळी दिवसाला ३० सेंटिमीटर उतरली. दुसरा मटासीतून जातो. तेथे १८ सेंटिमीटर. तिसरा कन्हारातून जातो; तेथे १२ सेंटिमीटर. पाणपृष्ठाने गुणल्यावर अनुक्रमे ९००, ५४० आणि ३६० घनमीटर, म्हणजे दिवसाला एकूण १,८०० घनमीटर पाझर होतो. सेकंदाच्या हिशोबात हे सुमारे २१ लिटर भरतात. तूट मात्र ६० लिटरची होती. उरलेले सुमारे ३९ लिटर पाणी दारांतून, बिळांतून आणि फुटक्या भरावातून जात होते.

या उदाहरणातून दोन गोष्टी निघतात. पहिली अशी की, तुटीतील मोठा वाटा अस्तराने नव्हे, तर साध्या दुरुस्तीने वाचणार आहे. सेकंदाला ३९ लिटर म्हणजे दिवसाला सुमारे ३,४०० घनमीटर पाणी. एका हेक्टरला साडेसात सेंटिमीटरची एक पाळी देण्यास ७५० घनमीटर पाणी लागते. तेव्हा एवढ्या पाण्यात रोज साडेचार हेक्टर भिजू शकतात. दुसरी गोष्ट अशी की, पाझरातील निम्मे पाणी एकट्या भाट्याच्या किलोमीटरमध्ये जाते. तेवढ्याच भागाला अस्तर देऊन पाझर एक-पंचमांशावर आणल्यास दिवसाला ७२० घनमीटर, म्हणजे जवळजवळ एका हेक्टरची पाळी वाचते. तिन्ही किलोमीटरना अस्तर दिल्यास १,४४० घनमीटर वाचतात. खर्च तिप्पट होतो, लाभ मात्र दुप्पटच होतो.

पर्याय

म्हणून चांगल्या प्रस्तावात पहिला पर्याय अस्तराचा नसतो. गवत व गाळ काढणे, बिळे खणून त्यांत चिकणमाती ठोकून भरणे, भरावाची उंची सारखी करणे आणि दारे दुरुस्त करणे ही कामे आधी येतात. हलक्या जमिनीच्या लहान भागात जवळची कन्हार माती ओलसर करून थराथराने चोपली तरी पाझर कमी होतो. मात्र गुरे कालव्यात उतरली किंवा माती वाळून भेगाळली, तर हा थर टिकत नाही.

काँक्रीटचे अस्तर सर्वांत प्रचलित आहे. लघुकालव्यात त्याची जाडी ५ ते ६ सेंटिमीटर पुरते. मोठ्या कालव्यात ती वाढवितात. थर पातळ असल्यामुळे त्याचे बळ खालच्या मातीवर अवलंबून असते. माती नीट दाबलेली नसेल, तर ती खचते व वर पोकळी राहते. अशा जागी अस्तरावर ठोकल्यास पोकळ आवाज येतो. काँक्रीटच्या खाली प्लास्टिकचा पातळ पडदा अंथरला, तर भेग पडली तरी पाणी अडते. पडदा मात्र फाटू न देता अंथरावा लागतो.

कन्हारसारख्या फुगणाऱ्या मातीवर थेट काँक्रीट घालणे धोक्याचे असते. माती ओली होऊन फुगते, वाळून आक्रसते आणि अस्तर उचलले जाऊन तडकते. यावर उपाय म्हणून मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील प्राध्यापक कट्टी यांनी न फुगणाऱ्या चिकट मातीचा थर मध्ये घालण्याची पद्धत विकसित केली. हा थर सुमारे एक मीटर जाडीचा असू शकतो. त्यामुळे खर्च वाढतो. उदाहरणातील कालव्यात कन्हाराचा पाझर मुळातच कमी आहे. तेथे अस्तर न देणेच शहाणपणाचे ठरते.

अस्तराला मागून येणाऱ्या पाण्याचाही धोका असतो. पावसाळ्यात भोवतीची भूजलपातळी कालव्याच्या तळापेक्षा वर असेल आणि कालवा एकाएकी रिकामा केला, तर बाहेरचे पाणी अस्तराला आतल्या बाजूला ढकलते व तुकडे निखळतात. त्यासाठी निचऱ्याची छिद्रे ठेवावी लागतात आणि कालवा हळूहळू उतरवावा लागतो.

विमोचक आणि विहिरी

अस्तरानंतर घडणारा एक बदल पुष्कळदा ध्यानात येत नाही. काँक्रीटचा पृष्ठभाग मातीपेक्षा गुळगुळीत असल्यामुळे पाणी वेगाने वाहते. त्याच उताराच्या आणि त्याच आकाराच्या कालव्यातून, त्याच खोलीला, सुमारे ४० टक्के अधिक पाणी जाऊ शकते. परंतु सोडलेले पाणी तेवढेच राहिले, तर त्याची पातळी खाली येते. जुने विमोचक वरच्या पातळीसाठी बसविलेले असतात. त्यांच्या तोंडापर्यंत पाणी चढत नाही आणि नव्या कालव्याच्या काठावरील शेत कोरडे राहते. मग तेथील शेतकरी अस्तर फोडतो. म्हणून अस्तराच्या अंदाजपत्रकातच विमोचकांची पातळी बदलण्याचे काम धरलेले असावे.

पाझरलेले सगळे पाणी वाया जाते असेही नाही. त्यातील काही भाग काठावरच्या विहिरींना मिळतो. अस्तरानंतर त्या विहिरींची पातळी उतरण्याचा संभव असतो. उलट, पाझरामुळे जेथे शेते पाणथळ झालेली असतात, तेथे अस्तराने जमीन मोकळी होते. प्रस्तावात अशा विहिरींची व पाणथळ शेतांची नोंद असेल, तरच लाभ आणि हानी यांचा तोल समजतो.

वाचलेले पाणी कोणाचे

शेवटचा प्रश्न वाटपाचा आहे. कालव्याच्या शेवटाकडील शेतकऱ्याला कागदोपत्री पाण्याचा हक्क असतो, पण पाणी मात्र सर्वांत शेवटी आणि सर्वांत कमी मिळते. वाचलेले पाणी आपोआप त्याच्याकडे जात नाही. वरच्या भागात वाढीव पेरा झाला तर ते तेथेच संपते आणि जलाशयात राखले गेले तर ते अन्य उपयोगाकडे वळू शकते. महाराष्ट्रात २००५ साली आणि छत्तीसगडमध्ये २००६ साली झालेल्या कायद्यांनी सिंचनाच्या व्यवस्थापनात शेतकऱ्यांच्या संस्थांना स्थान दिले. या संस्थेच्या सभेत, काम सुरू होण्यापूर्वी, वाचणाऱ्या पाण्याचे वाटप ठरावाने निश्चित करणे इष्ट असते. काम पूर्ण झाल्यावर तेच विमोचक बंद करून, त्याच दोन टोकांना प्रवाह पुन्हा मोजावा. खालच्या टोकाला पूर्वी २४० लिटर होते. ते किती झाले, या एका आकड्यावरून दुरुस्ती आणि अस्तर या दोन्हींची किंमत ठरते.