तोटा भरून काढायची घाई

कांद्यात मार खाल्ला, तर पुणतांब्याच्या शेतकऱ्याला पुढच्या हंगामापर्यंत थांबावंच लागतं. तिथला तोटा घाई करून भरून निघत नाही. मोबाईलवरच्या ऑप्शन ट्रेडिंगमध्ये मात्र पुढचा डाव दोन मिनिटांत लावता येतो, आणि बहुतेकांचं नुकसान तिथंच वाढतं.

एक उदाहरण घेऊ. खात्यात १ लाख रुपये आहेत आणि निफ्टीचा लॉट ६५ चा आहे. सकाळी साडेनऊला १२० ला एक कॉल घेतला, ९२ ला विकला. १,८२० रुपये गेले. तीन मिनिटांनी उलट्या दिशेचे तीन लॉट पुट घेतले. ते २४ रुपयांनी पडले, ४,६८० गेले. मग पाच लॉट, तेही स्टॉप-लॉस न लावता. फक्त २० रुपयांची घसरण झाली आणि आणखी ६,५०० गेले. अकराच्या आत १३,००० रुपयांचा फटका, त्यातला पहिल्या सौद्याचा वाटा जेमतेम सातवा.

ट्रेडबुक उघडलं की हे स्पष्ट दिसतं. तोट्यानंतरच्या सौद्याची वेळ आणि लॉट पाहा: मधलं अंतर कमी होत जातं, लॉट वाढत जातात. सौदा घेताना ‘का घेतला’ याचं उत्तर बाजारात नसून ‘एवढे परत काढायचेत’ असं असेल, तर तो सूडाचा सौदा समजावा. कसलेले लोकही यातून सुटत नाहीत. शिकागोच्या वायदेबाजारातल्या व्यावसायिक सौदागरांचे व्यवहार कोवाल आणि शमवे या अभ्यासकांनी तपासले. सकाळी तोटा झालेले लोक दुपारी जास्त जोखीम घेत होते.

म्हणून दिवसाच्या तोट्याची मर्यादा बाजार उघडण्याआधी, सव्वानऊच्या आत ठरवायची. १ लाखावर दिवसाला २ टक्के, म्हणजे २,००० रुपये धरू. त्यात ब्रोकरेज, कर आणि चालू सौद्यातला कागदी तोटाही मोजायचा. नाहीतर ‘अजून विकलं कुठंय’ म्हणत मर्यादा ओलांडली जाते. दिवसात तीनदा चुकायची मुभा हवी असेल, तर एका सौद्यात ६०० च्या आसपास जोखीम बसते. ६५ च्या एका लॉटला हा नऊ रुपयांचा स्टॉप-लॉस झाला. एवढ्या कमी अंतरात तुमची पद्धत बसत नसेल, तर तीनऐवजी एकच सौदा घ्यावा. मर्यादा वाढवू नये.

आकडा गाठला की सगळे सौदे आणि प्रलंबित ऑर्डरी बंद करून ॲपमधला ‘किल स्विच’ दाबावा. झेरोधासारख्या ब्रोकरकडे ही सोय आहे. तो सेगमेंट काही तास बंद राहतो. रागाच्या भरात मनाला आवरण्यापेक्षा हे खात्रीचं. दुसऱ्या ब्रोकरकडचं खातं मात्र उघडंच राहतं, हे विसरू नये.

एक्स्पायरीच्या दिवशी भाव उडी मारून स्टॉप-लॉसच्या पलीकडे जाऊ शकतो, त्यामुळे त्या दिवशी लॉट कमी ठेवावेत. आणि रोज २,००० असे वीस दिवस गेले तर महिन्यात ४०,००० जातात, म्हणून महिन्याचीही मर्यादा लागते. सेबीच्या अभ्यासानुसार २०२२ ते २०२४ या तीन आर्थिक वर्षांत वायदे-ऑप्शनमधले ९३ टक्के वैयक्तिक गुंतवणूकदार तोट्यात होते. रोजची मर्यादा त्यांना नफ्यात नेणार नाही. ती फक्त सकाळचे १,८२० रुपये १३,००० होऊ देत नाही.