आखडलेल्या पाठीसाठी घरच्या घरी ताकद

दिवसभर खुर्चीत बसून पाठ आखडली की वाकून पायाचे अंगठे धरावेसे वाटतात. त्याने घटकाभर बरे वाटते, पण कण्याला आधार देणाऱ्या स्नायूंचा दम त्यातून वाढत नाही. कॅनडातील वॉटरलू विद्यापीठात कण्याच्या यांत्रिकीचा अभ्यास करणारे स्टुअर्ट मॅकगिल यांनी यासाठी तीन व्यायाम प्रचारात आणले. त्यांना फक्त सतरंजी लागते.

पहिल्यात उताणे झोपून एक गुडघा वाकवायचा, दोन्ही तळवे कमरेखालच्या पोकळीत ठेवायचे आणि डोके व खांदे जमिनीपासून जेमतेम उचलायचे. हनुवटी छातीकडे ओढू नये. दुसऱ्यात कुशीवर, कोपर खांद्याच्या बरोबर खाली ठेवून कंबर उचलायची; नवख्याने गुडघे दुमडून त्यांच्यावर भार घ्यावा.

तिसरा सोपा दिसतो आणि सर्वाधिक चुकतो तोच. हात व गुडघे टेकून उजवा हात पुढे आणि डावा पाय मागे लांबवायचा, मग बाजू बदलायची. पाय उंच नेण्याच्या हौसेने कंबर खाली खचते किंवा एका बाजूला कलते आणि स्नायूंऐवजी मणक्यांवर ताण येतो. कमरेवर एखादे पुस्तक आडवे ठेवावे. ते घसरले तर पाय खाली घ्यावा. तरीही घसरत असेल, तर हात टेकलेलाच ठेवून फक्त पाय लांबवावा.

प्रत्येक स्थिती दहा सेकंद धरावी, श्वास मात्र रोखू नये. सुरुवातीला तीन वेळा, थोडी विश्रांती, मग दोन वेळा आणि शेवटी एकदा, असा उतरता क्रम ठेवावा. दोन व्यायाम दोन्ही बाजूंनी करायचे असल्याने निव्वळ व्यायामाची एकूण पाच मिनिटे होतात, विश्रांतीसह दहा. हे सहज जमू लागले की सहा, चार, दोन असा क्रम घ्यावा. एकच स्थिती मिनिटभर ताणून धरली की स्नायू थकतात आणि ठेवण बिघडते, म्हणून सेकंद वाढवण्यापेक्षा आवर्तने वाढवलेली बरी.

पायांसाठी घरातली खुर्ची पुरते. हातांचा आधार न घेता, खुब्यातून पुढे झुकत पण पाठ सरळ ठेवून आठ-दहा वेळा उठावे-बसावे. हे दिवसाआड पुरे. वरचे तीन रोज चालतात.

वेळ संध्याकाळची निवडावी. रात्रभर आडवे राहिल्याने मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगतात, त्यामुळे उठल्यावर पहिल्या तासात वाकण्याचा ताण त्यांना जास्त जाणवतो.

व्यायामानंतर पोट किंवा नितंब दुखणे ठीक. मात्र कळ पायात उतरली, मुंग्या आल्या किंवा पाऊल लुळे वाटले, तर व्यायाम थांबवून डॉक्टरांना दाखवावे. लघवी-शौचावरचा ताबा गेला किंवा मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.