नळ आला, पाणी कधी?

‘जल जीवन मिशन’ची घोषणा १५ ऑगस्ट २०१९ची. प्रत्येक ग्रामीण घराला नळाने माणशी रोज ५५ लिटर पाणी द्यायचे, तेही २०२४पर्यंत. पुढे मुदत २०२८पर्यंत वाढली.

तालुक्याच्या उपअभियंत्याला या जाडजूड आराखड्याचे एक पान पुरते. उद्दिष्ट ५५ लिटर. कामे म्हणजे विहीर, टाकी, जलवाहिनी. जबाबदारीच्या रकान्यात ‘जिल्हा परिषद’ लिहिले, की कुणीच जबाबदार नसते. तिथे एकच पद हवे: विहिरीसाठी अमुक शाखा अभियंता.

खरी गोम टप्प्यांत आहे. ‘जोडण्या पूर्ण’ हा टप्पा कागदावर झटपट गाठता येतो, विहीर मात्र उन्हाळ्यात आटते. त्याऐवजी ‘मे महिन्यात शेवटच्या घरी पाणी मोजले’ असे लिहिले, तर विहिरीचे काम आपोआप जलवाहिनीच्या आधी येते.