सेलच्या व्हिडिओत कारण दिसायला हवं

मुंबईतून मोसमी पाऊस सरासरी ८ ऑक्टोबरच्या सुमारास परततो, पण रेनकोटचं गिऱ्हाईक त्याच्या बरंच आधी आटतं. मग दुकानदारांचे व्हिडिओ फिरू लागतात: ‘धमाका सेल, फक्त आजच!’ भाव का उतरला हे बहुतेक जण सांगतच नाहीत, आणि माल खराब असणार असं पाहणारा धरून चालतो.

समजा, पुण्यातल्या एका दुकानदाराकडे ६० रेनकोट उरलेत. खरेदी ५२० रुपयांना, हंगामातली विक्री ८५० ला. आता तो ४५० ला काढतोय, म्हणजे नगामागे ७० रुपयांचा तोटा सोसून. पुढच्या जूनपर्यंत का थांबत नाही? कारण मधले साइझ संपलेत. राहिलेत ते अगदी लहान आणि डबल एक्सएल, ते पुढच्या वर्षीही रेंगाळणार. शिवाय सगळे विकले गेले तर २७,००० रुपये सुटतात आणि दिवाळीच्या मालाला लागतात. ‘मेमध्ये अंदाज चुकला, जास्त भरले’ एवढं तो कॅमेऱ्यासमोर मोकळेपणाने बोलला, तरी निम्मं काम होतं.

उरलेलं निम्मं काम मालाने करायचं असतं. पीव्हीसीचा रेनकोट मऊ राहतो तो त्यात मिसळलेल्या प्लॅस्टिसायझरमुळे. हे द्रव्य हळूहळू बाहेर येतं, उकाड्यात जास्तच. मग पृष्ठभाग चिकट होतो, घड्या एकमेकींना धरून बसतात आणि पुढे कापड ताठरतं. म्हणून घडी घातलेला रेनकोट नुसता हातात धरून दाखवण्याला अर्थ नाही. तो कॅमेऱ्यासमोर उलगडावा, आवाज बंद न करता: चिकटलेली घडी सुटताना चर्रर्र करते. शिवणीखाली वर्तमानपत्र ठेवून वरून तांब्याभर पाणी ओतावं. कागद कुठे भिजला ते लगेच कळतं. लेबलवरचा उत्पादनाचा महिना आणि वर्षही जवळून दिसावं, कारण ‘यंदाचाच माल’ या दाव्याचा दुसरा पुरावा नसतो.

डाग असेल तर तोही दाखवावा. ‘या १२ नगांची खोकी भिजली, कॉलरवर पिवळट डाग आहे, म्हणून हे ३५० ला’ असं म्हणणाऱ्याकडून गिऱ्हाईक उरलेले ४८ जास्त विश्वासाने घेतं. (डबल एक्सएलवालं गिऱ्हाईक तर बहुधा डागासकट खूश असतं.)

खोटेपणा बहुधा खोडलेल्या आकड्यात सापडतो. पडद्यावर १,५०० वर फुली आणि खाली ४५०. प्रत्यक्षात ते दुकान हंगामातही ८५० लाच विकत होतं. अशा वेळी जूनमधला त्याच दुकानाचा व्हिडिओ शोधून भाव ताडून पाहावा.

‘सेलचा माल परत घेतला जाणार नाही’ हे वाक्यही सर्रास ऐकू येतं. न सांगितलेला दोष निघाला, तर त्या वाक्याआड लपता येत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सदोष वस्तू परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर मुदत नसेल तर ३० दिवस धरले जातात. त्यामुळे भाव उतरलेला असला, तरी बिल मागून घ्यावं.